साध्या लॅपटॉपवर भाषा-मॉडेल: रॅमचा हिशेब

इंटरनेट बंद ठेवूनही स्वतःच्या लॅपटॉपवर भाषा-मॉडेल चालवता येतं. महागडं ग्राफिक्स कार्ड नसलं तरी चालतं, रॅमचा हिशेब मात्र नीट बसायला हवा.

मेटाचं लामा 3.1 हे 8 अब्ज आकड्यांचं मॉडेल घेऊ. मूळ रूपात प्रत्येक आकडा 16 बिटांचा असतो, म्हणजे नुसत्या आकड्यांनाच 16 जीबी लागतात. इथे क्वांटायझेशन कामी येतं. साध्या पद्धतीत शेजारशेजारचे 32 आकडे एका गटात घेतात, गटाला एक मापपट्टी देतात आणि प्रत्येक आकडा पट्टीवरच्या 16 खुणांपैकी सर्वांत जवळच्या खुणेवर बसवतात. खूण सांगायला 4 बिट पुरतात. थोडी अचूकता जाते, पण फाइल 5 जीबीच्या आत येते. फाइलच्या नावात `Q4_K_M` दिसलं, की ती याच जातीची. तिच्यात काही नाजूक भाग जास्त बिटांत राखलेले असतात.

इथवरचा हिशेब बहुतेक जण करतात. सुटतो तो संदर्भाचा खर्च. मॉडेल शब्दांचे तुकडे, म्हणजे टोकन, वाचतं आणि प्रत्येक टोकनची नोंद रॅममध्ये ठेवतं. या मॉडेलमध्ये एका टोकनला 128 केबी लागतात. 4096 टोकनना अर्धा जीबी होतो. पण मॉडेलची कमाल मर्यादा, 1,31,072 टोकन, तशीच ठेवली तर 16 जीबी! म्हणून मर्यादा आपणच घालावी:

```
llama-cli -m model.gguf -c 4096
```

16 जीबी रॅम असेल तर हे सगळं आरामात मावतं. 8 जीबीत मात्र विंडोज आणि ब्राउझर मिळूनच निम्मी जागा खाऊ शकतात. तिथे लामा 3.2 चं 3 अब्जांचं मॉडेल घ्यावं. त्याची 4 बिटांची फाइल सुमारे 2 जीबीची आहे.

हिशेब चुकला की टास्क मॅनेजरमध्ये दिसतं: मेमरी काठोकाठ भरलेली, डिस्क सतत धावतेय आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा. कारण प्रत्येक नवं टोकन काढताना मॉडेलचे सगळे आकडे वाचावे लागतात. ते रॅममध्ये मावले नाहीत, तर दर वेळी डिस्ककडे धाव घ्यावी लागते आणि एकेका शब्दासाठी ताटकळावं लागतं.

मर्यादा फार आखडली तर दुखणं वेगळं. लांब मजकुराचा सुरुवातीचा भाग गळून पडतो. कधी कधी त्याची सूचनाही मिळत नाही. सुरुवातीला दिलेली अट मॉडेल विसरलं, तर संशय इथेच घ्यावा. मराठीत ही वेळ लवकर येते, कारण बहुतेक मॉडेल देवनागरी शब्दाचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे करतात. दहा पानी अहवाल एकदम देण्याऐवजी दोन-दोन पानं देऊन सारांश काढावा.

जागा कमी पडली तर आधी संदर्भ आटोपता घ्यावा, मग लहान मॉडेल निवडावं. मोठं मॉडेल 2 बिटांपर्यंत दाबून बसवण्याचा मोह टाळावा. तिथे उत्तरांचा दर्जा स्पष्टपणे घसरतो.