डेमो चालू असताना सूत्रसंचालकाने काय बोलावं?

नवीन वस्तूच्या लाँचिंगला सूत्रसंचालकाच्या हातातल्या कागदाचे दोन रकाने असतात. एकात बोलायची वाक्यं, दुसऱ्यात इशारे: पडदा कधी, संगीत कधी, माइक कोणाकडे. खरी कसोटी या दुसऱ्या रकान्याची.

समजा, विक्रेत्यांसमोर घरगुती पिठाची गिरणी आणायची आहे. पडदेवाल्याला मान हलवून खुणावण्यापेक्षा एक शब्द ठरवून द्यावा. 'घरघंटी' ऐकला की दोरी ओढायची! मग तोवर सूत्रसंचालकाने तो शब्द चुकूनही उच्चारायचा नाही, 'आपलं नवं यंत्र' एवढंच म्हणायचं. संहितेत असं येतं:

"अजून गिरणीवर डबा घेऊन कोण कोण जातं? हात वर करा बघू!" (थांबा. हात वर होऊ द्या.) "आता हे हात टाळ्यांसाठी लागणार आहेत, कारण ही आली तुमची घरघंटी!" (पडदा. संगीत. टाळ्या ओसरेपर्यंत गप्प.)

त्या गप्प राहण्यावर नवखे सूत्रसंचालक हमखास घसरतात. टाळ्यांवरच पुढचं वाक्य टाकलं की टाळ्याही विरतात आणि वाक्यही.

डेमोचं गणित आधीच मांडावं लागतं. एक अश्वशक्तीच्या घरगुती गिरणीला किलोभर गहू दळायला साधारण सहा-सात मिनिटं लागतात. मंचावर तेवढा वेळ म्हणजे युगच. शिवाय मोटरच्या घरघरीत माइकवर बोललेलं कोणाला नीट कळत नाही. म्हणून पाव किलो गहू घ्यावेत, बोलायचं ते गिरणी सुरू होण्याआधी उरकावं आणि दळण चालू असताना पुढच्या रांगेतल्या दोघांना जवळ बोलवावं. गिरणी थांबली की पीठ त्यांच्या चिमटीत द्यावं आणि माइक त्यांच्यापुढे धरावा. पीठ बारीक आहे की नाही, ते त्यांनीच सांगावं.

आणि गिरणी सुरूच झाली नाही तर? 1998 साली शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात विंडोज 98 दाखवताना संगणक सर्वांसमोर बंद पडला. म्हणूनच तर अजून हे बाजारात आणलेलं नाही, अशा अर्थाचं बिल गेट्स बोलून गेले आणि सभागृह हसलं. सगळ्यांना ऐनवेळी असं सुचत नाही. त्यामुळे कागदावर एक राखीव उतारा हवाच: "तंत्रज्ञ जोडणी तपासताहेत, तोवर वॉरंटीबद्दल विचारा." (दोन मिनिटांत सुरू न झाल्यास दुसरी गिरणी.) दुसरी गिरणी मंचामागे जोडून, चालवून पाहिलेली असावी.

आभाराची यादी छोटी ठेवा. नावांचे उच्चार ज्याचे त्याला आधी विचारून घ्या, आणि पडदेवाला, वायरमन यांना विसरू नका. जेवणाची घोषणा मात्र आभार संपल्यावरच करा. ती आधी झाली, तर उरलेले आभार रिकाम्या खुर्च्यांना ऐकवावे लागतील.