आजीच्या गालावरचे डाग

आमच्या बेळगावच्या जुन्या घरात पोथीच्या पानांत घडी घालून ठेवलेले, १९३८ सालचे आजी-आजोबांचे एक छायाचित्र मिळाले. वर्षानुवर्षे पावसाळी ओल खाल्लेले. त्यावर बुरशीचे तपकिरी ठिपके होते, वरच्या कोपऱ्यातून उतरलेला पाण्याचा डाग होता आणि नेमकी आजीच्या ओठांवरून गेलेली घडी होती. मी ते एका स्टुडिओत दुरुस्तीला दिले. परत आलेल्या चित्रात डाग एकही नव्हता, परंतु नव्वदीच्या उंबरठ्यावरची आत्या ते पाहून म्हणाली, "ही कोण रे? ही काही आई नव्हे."

आजीला लहानपणी देवी आल्या होत्या. संगणकाच्या `Dust & Scratches` या फिल्टरने बुरशीबरोबर तिच्या गालावरचे देवीचे व्रणही पुसून टाकले होते. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. स्टुडिओतल्या तरुणाने असा चेहरा कधी पाहिलाच नसणार, तेव्हा त्याला दोष तरी कसा द्यावा? ठिपका दिसला की पुसायचा, एवढेच त्या फिल्टरला कळते. आपण वैद्यक मंडळी मात्र पुरळ दिसताच मलम लावत नाही. आधी निदान करतो. म्हणून ते काम मीच हाती घेतले.

प्रथम मूळ प्रत. बुरशी पूर्ण वाळल्याची खात्री करून, तोंडावर मास्क बांधून, अंगणात मऊ कोरड्या कुंचल्याने ती हलकेच झटकली. ओला बोळा कटाक्षाने टाळला, कारण चित्र ज्या जिलेटिनच्या थरात असते तो ओलाव्याने फुगतो आणि बोळ्याबरोबर निघून येतो. मग ६०० डीपीआयवर स्कॅन केले. चित्र कृष्णधवल असले तरी स्कॅन रंगीतच घेतला. निदानाची खरी किल्ली तिथेच आहे.

रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनेल असतात. पिवळा-तपकिरी डाग निळा प्रकाश शोषतो, लाल प्रकाश बव्हंशी परत पाठवतो. त्यामुळे तो निळ्या चॅनेलमध्ये गडद दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये फिकट होतो. चित्रातील खरा तपशील तिन्ही चॅनेलमध्ये जवळपास सारखा राहतो. नुसता लाल चॅनेल उघडताच पाण्याच्या डागाचा बराचसा भाग नाहीसा झाला, तपकिरी ठिपके विरले आणि आजीच्या गालावरचे व्रण जागच्या जागी राहिले. पुढचे सारे काम मी त्याच चॅनेलवर केले.

काही ठिपके तरीही उरले. बुरशीने जिथे जिलेटिनच खाल्ले होते तिथे लाल चॅनेलचा उपयोग नव्हता. तेव्हा चित्र काचेवर १८० अंशांत फिरवून दुसरा स्कॅन घेतला व दोन्ही स्कॅन एकावर एक जुळवून ताडून पाहिले. स्कॅनरचा दिवा एका बाजूने तिरपा पडतो. म्हणून कागदावरच्या खड्ड्याची सावली दुसऱ्या स्कॅनमध्ये बाजू बदलते, चित्रातल्या व्रणाची बदलत नाही. शिवाय फोटो काढताना उजेड डावीकडच्या खिडकीतून आला होता, त्यामुळे प्रत्येक व्रणाची डावी कड काळी आणि उजवी उजळ होती. बुरशीला ही शिस्त कुठली! ती गालावरून पदरावर आणि पदरावरून भिंतीवर खुशाल पसरली होती.

असे ओळखू आलेले ठिपके मग वेगळ्या लेयरवर `Clone Stamp`ने एकेक करून झाकले. ब्रश ठिपक्याहून जेमतेम मोठा ठेवला आणि नमुना अगदी शेजारचा घेतला. पाण्याच्या डागाची उरलेली कड मात्र झाकली नाही. तिच्याखाली साडीचे काठ शाबूत होते, फक्त काळवंडले होते. तेवढाच पट्टा निवडून `Curves`ने उजळला.

राहिली घडी. तिथे थर निघून एक मिलिमीटरची, म्हणजे सुमारे २४ पिक्सेल रुंदीची पांढरी रेघ उरली होती. भिंतीवर आणि साडीवर ती भरणे सोपे गेले. ओठांच्या डाव्या कोपऱ्याशी मात्र हात थांबला. तिथले चित्रच उरलेले नाही. जे भरीन ते माझे असेल, आजीचे नव्हे. म्हणून तिथली पांढरी रेघ आसपासच्या छटेइतकी मंद केली आणि तशीच ठेवली. मूळ स्कॅन टिफ स्वरूपात वेगळा जपून ठेवला.

नवी प्रत आत्याने बराच वेळ न्याहाळली. गालावरून बोट फिरवले आणि ओठांपाशी थांबून विचारले, "इथे रे काय झालं?"

"कागद गेलाय, आत्या. ओठ कुठे वळत होता ते दिसत नाही."

"किंचित खाली वळायचा," ती म्हणाली.

ते मी चित्राच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. चित्रात काही बदलले नाही.