सुरक्षा एजन्सीचा करार मोडायचाय? सोसायटीची कसोटी नोटिशीनंतरच्या 30 दिवसांत

रात्री गेटवर कुणी नसते, पाहुण्यांची नोंद होत नाही, दर आठवड्याला रक्षक बदलतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रारी वाढतात आणि कमिटीवर दबाव येतो, ‘उद्याच्या उद्या एजन्सी काढा.’ पण करार घाईत मोडला, तर एजन्सी नोटीस कालावधीचे बिल लावते आणि कधी कधी रक्षकही एका रात्रीत काढून घेते. हे टाळण्यासाठी नोटिशीत काय लिहायचे आणि ताबा कसा घ्यायचा, हे एका काल्पनिक उदाहरणातून पाहू.

पुण्यातील एक सोसायटी. दोन गेट आणि एक पार्किंग, अशा तीन ठिकाणी आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. म्हणजे रोज 9 ड्युटी. करारात 30 दिवसांच्या नोटिशीची अट आहे.

करारातले कोणते कलम वापरायचे?

अशा करारांत बहुतेक वेळा बाहेर पडण्याच्या दोन वाटा असतात. पहिली वाट म्हणजे कारण न देता, ठरलेल्या मुदतीची नोटीस देऊन करार संपवणे. दुसरी म्हणजे अटींचा भंग झाला म्हणून करार रद्द करणे. दुसऱ्या वाटेत आधी लेखी ताकीद आणि सुधारणेसाठी काही दिवस द्यावे लागतात, असे अनेक करारांत लिहिलेले असते. ती पायरी गाळून ‘अटीभंग’ म्हटले की एजन्सीला वाद घालायला जागा मिळते.

म्हणून आपल्या उदाहरणातली कमिटी त्रुटी नोंदवते, पण करार 30 दिवसांच्या कलमाखालीच संपवते. त्रुटींचा उपयोग शेवटच्या बिलातून कपात करताना होतो. करार संपवण्यासाठी त्या सिद्ध कराव्या लागत नाहीत.

त्रुटी कशा लिहायच्या?

‘रक्षक झोपा काढतात, सेवा अत्यंत निकृष्ट आहे’ या वाक्याला एजन्सी एका ओळीत उत्तर देते, ‘आरोप मान्य नाहीत.’ तारीख, वेळ आणि ठिकाण लिहिले की असे उत्तर देणे अवघड जाते. या कमिटीने असे लिहिले :

‘12 सप्टेंबर रोजी पहाटे 2.40 ते 3.35 या वेळेत गेट क्रमांक 2 वर रक्षक उपस्थित नव्हता. चित्रीकरण सोसायटीकडे जतन केले आहे. याच स्वरूपाची तक्रार आम्ही 5 सप्टेंबरच्या पत्राने कळवली होती. सप्टेंबरच्या हजेरीपत्रकात 28 तारखेपर्यंत 18 ड्युटी भरलेल्या नाहीत. कराराच्या नोटीस कलमानुसार हा करार 1 नोव्हेंबर रोजी सकाळी 7 वाजता संपुष्टात येईल.’

यात ‘चित्रीकरण जतन केले आहे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधील डिस्क भरली की जुन्या चित्रीकरणावर नवे चढते. अनेक सोसायट्यांत पंधरा दिवस ते महिनाभराचेच चित्रीकरण शिल्लक राहते. त्यामुळे घटना कळताच तेवढा भाग पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवायला हवा. नोटीस लिहायला बसल्यावर तो शोधला, तर बहुधा सापडत नाही.

चोरीचा संशय असेल, तर तो नोटिशीत लिहू नये. त्यासाठी पोलिसांत तक्रार करावी. पुराव्याविना रक्षकाचे नाव घेऊन लिहिलेला आरोप सोसायटीवरच उलटू शकतो.

30 दिवस कधीपासून मोजायचे?

नोटीस पाठवल्यापासून की मिळाल्यापासून, हे करारात पाहावे. तिथे काही नसेल, तर मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजणे सुरक्षित. या सोसायटीने 28 सप्टेंबरच्या कमिटी बैठकीत ठराव केला. 29 तारखेला एजन्सीच्या कार्यालयात नोटीस देऊन दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घेतली. तीच नोटीस ई-मेल आणि स्पीड पोस्टनेही पाठवली. 30 दिवस 29 ऑक्टोबरला पूर्ण होतात. तरीही बिलाचा महिना तुटू नये म्हणून कमिटीने ऑक्टोबरअखेरपर्यंत मुदत दिली.

नुसते ‘31 ऑक्टोबर’ लिहिले असते, तर गोंधळ झाला असता. त्या रात्री 11 वाजता लागलेली पाळी दुसऱ्या दिवशी सकाळी 7 ला सुटते. मध्यरात्रीच करार संपला असे समजून रक्षक निघून गेले, तर गेट सात तास उघडे पडते. म्हणून तारखेबरोबर पाळी बदलण्याची वेळही लिहायची.

मधल्या महिन्यात काय बिघडते?

करार जाणार हे कळल्यावर एजन्सी चांगले रक्षक दुसऱ्या जागी हलवते आणि इथे नवखे पाठवते. गैरहजेरी वाढते. म्हणून या महिन्यात प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला हजेरीपत्रकावर एजन्सीच्या सुपरवायझरबरोबर सोसायटीच्या व्यवस्थापकाचीही सही हवी.

याच काळात ‘आपले जुने रक्षक तेवढे ठेवा’ अशी मागणी रहिवाशांकडून येते. पण एजन्सीचे रक्षक ठरावीक काळ परस्पर कामावर घेऊ नयेत, अशी अट करारात असू शकते. ती न वाचता रक्षकांना शब्द देऊ नये.

नव्या एजन्सीकडे खासगी सुरक्षा संस्था (नियमन) कायदा, 2005 खालील परवाना आहे का, त्याची मुदत शिल्लक आहे का, हे सही करण्यापूर्वीच पाहावे. येणाऱ्या रक्षकांच्या पोलिस पडताळणीची कागदपत्रेही आधीच मागावीत.

ताबा कसा घ्यायचा?

शेवटचे दोन दिवस नव्या एजन्सीचा एकेक रक्षक जुन्या रक्षकाबरोबर उभा करावा. दुधाची गाडी कोणत्या गेटने येते, पंप कधी सुरू होतो, रुग्णवाहिका आली तर कोणता अडथळा उघडायचा, हे कुठल्याही रजिस्टरमध्ये लिहिलेले नसते. या दोन दिवसांचा जादा खर्च कमिटीने आधीच मंजूर करून ठेवावा.

1 नोव्हेंबरच्या सकाळी यादी करून वस्तू ताब्यात घ्याव्यात : गच्ची, पंपघर, मीटर रूम आणि लिफ्ट मशीन रूमच्या चाव्या, बूम बॅरिअरचे रिमोट, वॉकीटॉकी, टॉर्च आणि सगळी रजिस्टर. यादीवर जुनी एजन्सी, नवी एजन्सी आणि सोसायटी अशा तिघांच्या सह्या हव्यात. रजिस्टर सोसायटीकडे राहतील, हे नोटिशीतच लिहिलेले बरे. त्यात रहिवाशांचे आणि पाहुण्यांचे फोन नंबर असतात.

चाव्या परत आल्या तरी पासवर्ड जुन्या सुपरवायझरला पाठ असतातच. डीव्हीआर आणि व्हिजिटर ॲपचे पासवर्ड त्याच सकाळी बदलावेत आणि ॲपवरचे जुन्या रक्षकांचे लॉगिन बंद करावे.

शेवटचे बिल

राग म्हणून संपूर्ण बिल अडवणे ही सर्वाधिक दिसणारी चूक. त्याचा फटका आधी रक्षकांच्या पगाराला बसतो आणि थकलेल्या पगारासाठी ते सोसायटीच्याच गेटवर येऊन उभे राहतात.

आपल्या उदाहरणात एजन्सीने सप्टेंबरच्या पूर्ण 270 ड्युटींचे बिल लावले. महिनाअखेर हजेरीपत्रकात 252 ड्युटी भरल्या. एका ड्युटीचा दर 800 रुपये धरला, तर 18 ड्युटींचे 14,400 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढीच कपात योग्य ठरते. कमिटीने हिशेब लेखी कळवून उरलेली रक्कम दिली. ऑक्टोबरच्या बिलाला मात्र करारातलीच एक अट लावली : रक्षकांचा पगार जमा झाल्याचा पुरावा आणि पीएफ, ईएसआयसीची चलने मिळाल्यावर रक्कम दिली जाईल. पैसे दिल्यावर ‘कोणतेही येणे बाकी नाही’ असे एजन्सीचे पत्र घेतले आणि ते पत्र, ठराव, नोटिशीची पोच आणि ताबा यादी एकाच फाइलमध्ये ठेवली.