कपाळावर बटा कापण्याआधी

१९६० सालच्या ‘लव्ह इन सिमला’मध्ये साधनाच्या कपाळावर बटा आल्या, कारण तिचं रुंद कपाळ पडद्यावर उठून दिसत होतं. दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नची केशरचना डोळ्यांसमोर ठेवून तो कट करवून घेतला. म्हणजे आधी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि मग कात्री चालवली. आज आपण आधी तक्त्यात चेहऱ्याचा आकार शोधतो आणि त्याला ‘शोभणारा’ कट पार्लरमध्ये मागतो.

तक्ता चार मापांवर चालतो : कपाळाची, गालांच्या हाडांची व जबड्याची रुंदी आणि केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतची लांबी. समजा, रुंदी अनुक्रमे साडेबारा, तेरा आणि बारा सेंटिमीटर भरली आणि लांबी अठरा. लांबी रुंदीच्या जवळजवळ १.४ पट, म्हणून चेहरा लंबगोल. पण तिन्ही रुंद्या सारख्याच म्हटल्या, तर चौकोनीही. टेप केसांत सेंटिमीटरभर वर सरकली की तोच चेहरा लांबट ठरतो.

मला खटकतं ते वेगळंच. ही लांबी उंच कपाळामुळे आली की लांब हनुवटीमुळे, हे तक्ता विचारतच नाही. कपाळ उंच असेल तर बटांनी ते झाकलं जातं. हनुवटी लांब असेल तर वरचा भाग झाकल्यावर नजर खालीच जाते. शिवाय कपाळाच्या कडेला भोवरा असेल, तर बटा तिथे दुभंगतातच.

म्हणून करून पाहावं. डोक्यावर उंच पोनीटेल बांधून तिची टोकं कपाळावर आणा आणि पिना लावा. खिडकीकडे तोंड करा, फोन डोळ्यांच्या उंचीवर दीड मीटर लांब ठेवा आणि टायमर लावून मागच्या कॅमेऱ्याने फोटो घ्या. मग पिना काढून त्याच जागी, त्याच उजेडात दुसरा घ्या. हातभर अंतरावरचा सेल्फी इथे उपयोगाचा नाही. जवळून नाक मोठं दिसतं, कान मागे पडतात आणि चेहरा निमुळता भासतो. २०१८च्या एका अमेरिकी अभ्यासाच्या हिशेबाने तीस सेंटिमीटरवरून नाक दीड मीटरच्या तुलनेत सुमारे तीस टक्के रुंद दिसतं.

फोटोतला भांग आपल्याला उलट्या बाजूला वाटतो, कारण आपल्या सवयीचा चेहरा आरशातला असतो. १९७७च्या एका प्रयोगात बहुतेकांना स्वतःची आरशातली प्रतिमा आवडली, त्यांच्या मित्रमैत्रिणींना मात्र खरी. त्यामुळे फोटो पाहताच नाक मुरडू नका. तो फोनमध्ये उलटवून पाहा आणि मूळ फोटो घरातल्या कुणालातरी दाखवा. आरसा खरा उपयोगी पडतो तो मान वळवताना, हसताना, बटा डोळ्यांत येतात का हे पाहायला.

पोनीटेलची टोकं खऱ्या बटांपेक्षा दाट असतात, तेव्हा यातून लांबी-रुंदीचा अंदाज येतो, पोत कळत नाही. कुरळे केस वाळल्यावर आखडतात, म्हणून पहिली कात्री नाकाच्या शेंड्याशीच थांबवायला सांगा आणि केस पूर्ण वाळल्यावर उरलेलं कापून घ्या.