आजोबांच्या अंगावरचा नवा कोट

आजोबांचा एकुलता एक फोटो बनियनवरचा, आणि भिंतीवर लावायला घरच्यांना हवा कोट. फोटो स्टुडिओत हे काम नेहमीचं. पण बहुतेकदा कोट चिकटवलेला दिसतो, कारण चेहरा जुन्या स्कॅनमधला आणि कोट आजच्या कॅमेऱ्यातला.

आधी कोट चेहऱ्याच्या मापाला आणावा, मग धूसर करावा. किती? आजोबांच्या भुवया आणि कानाची कड पाहा. ती कड दोन-तीन पिक्सेलमध्ये विरत असेल, तर कॉलरची कडही तेवढीच विरायला हवी. फोटोशॉपमध्ये Gaussian Blur एक पिक्सेलच्या आसपास ठेवून सुरुवात करावी. काळा रंगही तपासावा: विटलेल्या फोटोत केससुद्धा राखाडी असतात, तिथे कोट कुळकुळीत काळा चालत नाही.

दाणा नंतर घालायचा. आधी घातला तर धूसर करताना तोच पुसला जातो. कोटावर Overlay मोडमध्ये ५० टक्के राखाडी थर घेऊन त्यात एकरंगी Noise द्यावा आणि तो थर किंचित धूसर करावा, कारण स्कॅनमधला दाणा टोकदार नसतो, गुठळ्यांचा असतो. मागच्या भिंतीशी ताडून पाहावं.

जेपीईजीचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन चेहऱ्यावर दिसत असतील, तर कोटाची वेगळी प्रत जुन्या फाइलइतक्याच दर्जाने जेपीईजी करून परत जागेवर बसवावी. सगळा फोटो पुन्हा दाबला, तर बिचारा चेहरा आणखी बिघडतो.

शेवटी ३०० टक्के मोठं करून गळ्याजवळ पाहावं. निळ्या चॅनलमध्ये चोरी सहसा लवकर पकडली जाते.