शंभर ग्रॅमच्या वजनाचा हिशेब

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत १०० ग्रॅमचे एफ१ वर्गाचे पितळी वजन कॅलिब्रेशनला आले आहे, असे समजू. आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार या वजनात ०.५ मिलिग्रॅमपर्यंतची चूक चालते. मापनाची विस्तारित अनिश्चितता मात्र तिच्या एक तृतीयांशाहून, म्हणजे सुमारे ०.१७ मिलिग्रॅमहून जास्त असता कामा नये.

काटा ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचतो. त्यावर आधी प्रमाण वजन, मग दोनदा पितळी, पुन्हा प्रमाण अशी फेरी होते. या क्रमामुळे काट्याचे वाचन संथपणे सरकत असले तरी फरकातून ते वजा होते. अशा तीन फेऱ्या घेतात. विखुरणी ठरवायला तीन फेऱ्या तोकड्याच, म्हणून तिचा आकडा त्याच काट्याच्या जुन्या नोंदींतून घ्यायचा: एका फेरीला ०.०६, तिन्हींच्या सरासरीला ०.०३५ मिलिग्रॅम.

पडद्यावरचा शेवटचा आकडाही मोकळा सोडत नाही. खरी किंमत त्याच्या अलीकडे-पलीकडे ०.०५ मिलिग्रॅमच्या पट्ट्यात कुठेही असू शकते. सगळ्या जागा सारख्याच शक्य, म्हणून ०.०५ ला ३ च्या वर्गमुळाने भागायचे. फरकात दोन वाचने असतात, म्हणून २ च्या वर्गमुळाने गुणायचे. उत्तर ०.०४१.

प्रमाण वजनाच्या प्रमाणपत्रावर ०.०५ लिहिलेले असते, पण तो दुपटीचा आकडा, हिशेबात ०.०२५ धरायचा. मागच्या कॅलिब्रेशननंतर झालेल्या बदलासाठी आणखी ०.०१७.

आता हवा. पितळ पोलादाहून घन, त्यामुळे ते कमी हवा बाजूला सारते. वजनाची रूढ किंमत हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर धरून ठरते. पुण्याच्या उंचीवर ती १.१ च्या आसपास भरते. या फरकापोटी सुमारे ०.०६ मिलिग्रॅमची दुरुस्ती करावी लागते. पितळाची घनता नेमकी ठाऊक नसल्याने दुरुस्तीनंतरही ०.०१६ उरतात.

हे पाच आकडे सरळ मिळवत नाहीत. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज, मग तिचे वर्गमूळ: ०.०६४. दुप्पट केले की ०.१३ मिलिग्रॅम. काम निभावले.

वर्ग केल्याने मोठा आकडा आणखी मोठा होतो, ही यातली खरी गंमत. महागडे, अगदी निर्दोष प्रमाण वजन आणले तरी ०.१३ चे जेमतेम ०.१२ होतील. तेच पैसे ०.०१ मिलिग्रॅम वाचणाऱ्या, कमी विखुरणीच्या काट्यात घातले, तर अनिश्चितता जवळजवळ निम्म्यावर येते.

हिशेबात एक गोष्ट मात्र बसवता येत नाही. गरम खोलीतून आणलेले वजन भोवतालची हवा तापवून वर उचलते आणि हलके भरते. ते निवत जाते तसे फेरीगणिक फरक एकाच दिशेने सरकतात. असे दिसले की नोंदी बाद करायच्या आणि वजन काट्याशेजारी ठेवून द्यायचे. फरक सरकायचे थांबले की फेऱ्या पहिल्यापासून.