गच्चीवरील बागेसाठी मृदा-आर्द्रता सूचक : अंशांकनाचा प्रश्न

पेण व रोहा परिसरात पावसाळा मुख्यतः जून ते सप्टेंबर असा असल्याने गच्चीवरील कुंड्यांना पाण्याची निकड त्यानंतर भासते. प्रस्तुत लेखात नोडएमसीयू व धारिता-संवेदक यांवर आधारित अल्पखर्ची सूचकाचा विचार केला आहे. रोधमापी संवेदकाच्या पट्ट्या ओल्या मातीत विद्युत अपघटनाने झिजतात; म्हणून धारिता-संवेदक इष्ट ठरतो.

संवेदकाचा आकडा म्हणजे आर्द्रतेची टक्केवारी नव्हे. कुंडीतील माती प्रथम पूर्ण वाळवून आणि नंतर भिजवून, पाणी निथळल्यावर, अशी दोन वाचने घ्यावीत. समजा, कोरडे वाचन ८०० व ओले ४०० आले; तर ६८० या वाचनाची सापेक्ष आर्द्रता (८०० − ६८०) ÷ (८०० − ४००) × १०० = ३० टक्के होते. येथे सूचना द्यावी. मात्र आर्द्रता ४५ टक्क्यांवर गेल्याशिवाय पुढील सूचना देऊ नये, अन्यथा सीमेवर हेलकावणाऱ्या वाचनामुळे सूचनांचा भडिमार होतो.

वाचन ८०० च्या बरेच वर गेल्यास संवेदक मातीबाहेर आला आहे किंवा त्याभोवती पोकळी निर्माण झाली आहे, असे समजावे. एक संवेदक एकाच कुंडीची स्थिती सांगतो, ही या रचनेची मर्यादा होय.